जरा थांबा, जावईबापू!

पहिल्या दिवाळसणाला लेक आणि जावई दारात येतात. हातात पिशव्या असतात, प्रवासाचा शीण असतो, चपला काढून आत शिरावं असं दोघांनाही वाटत असतं. तेवढ्यात आतून आवाज येतो, “थांबा, थांबा! जावईबापू, तिथंच थांबा जरा. भाकरी आणते.” सासूबाई एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर येतात. मागून धाकटी मेहुणी औक्षणाचं तबक सांभाळत येते. पुढची पाच-सात मिनिटं उंबरठ्याच्या बाहेरच जातात. या मिनिटांत यजमानीणबाईंनी काय करायचं, हे बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. पाहुण्यानं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. नवा जावई मग अवघडून उभा राहतो. कधी हात जोडतो, कधी खिसा चाचपतो, कधी कुंकू लावणाऱ्या बोटाखालून डोकं मागे घेतो. या लेखात मला त्या अवघडलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायचं आहे, कारण दारातल्या स्वागताचा अर्धा भाग त्याच्याकडे असतो.

पूर्वी हा अर्धा भाग शास्त्रानंच नेमून दिलेला होता. पारस्कर गृह्यसूत्रात घरी आलेल्या मोठ्या पाहुण्याचा सत्कार कसा करावा, याची तपशीलवार पद्धत दिली आहे. सहा जण त्या सत्काराला पात्र मानले होते: आचार्य, यज्ञ करणारा ऋत्विज, लग्नाला आलेला वर, राजा, स्नेही आणि विद्या पूर्ण करून आलेला स्नातक. यजमान एकेक गोष्ट पुढे करतो. आधी बसायला दर्भाचं आसन, मग पाय धुवायला पाणी, मग अर्घ्य, मग आचमनाचं पाणी आणि शेवटी दही, मध, तूप एकत्र केलेला मधुपर्क. प्रत्येक वस्तू देताना तिचं नाव तीनदा घेतलं जातं आणि पाहुणा ती स्वीकारत असल्याचं शब्दांत सांगतो. मधुपर्क आला की पाहुण्याचं काम आणखी वाढतं. त्यानं आधी त्याच्याकडे नीट पाहायचं, मग तो हाती घ्यायचा, उजव्या अनामिकेनं ढवळायचा, त्यातला थोडा बाहेर उडवायचा आणि तीनदा चाखायचा. उरलेला मुलाला किंवा शिष्याला देण्याची मुभा होती. म्हणजे पाहुणा नुसता सत्कार करून घेणारा नव्हता. त्याच्याही वाट्याला कृती होत्या आणि बोलायचे शब्दही होते.

हा विधी पुरता लोपलेला नाही. आपल्याकडच्या लग्नांत सीमांतपूजनाला वधूचे आईवडील नवऱ्या मुलाचे पाय धुतात. पुढे अनेक घराण्यांत गुरुजी मधुपर्कही करवून घेतात. छोट्या वाटीतलं दही-मध नवरदेवाच्या हातावर येतं आणि तो ते ‘प्रसाद’ समजून चाटून टाकतो. हा आपला पाहुणा म्हणून होणारा सत्कार आहे, आणि इथं ‘मी हे स्वीकारतो’ असं म्हणायचं असतं, हे गुरुजींनी एका वाक्यात सांगितलं तर त्या वाटीला अर्थ येईल. सांगणारे गुरुजी आहेत, पण थोडे.

आता परत दाराशी येऊ.

सासूबाई भाकरीचा तुकडा दोघांवरून तीनदा ओवाळतात. मग तुकडा बाहेर एका बाजूला टाकतात आणि तांब्यातलं थोडं पाणी दोघांच्या पायांवर घालतात. बऱ्याच घरांत त्याच पाण्याचं बोट दोघांच्या डोळ्यांना लावतात. काही ठिकाणी भाकरीऐवजी दहीभात असतो, काही ठिकाणी नुसतंच पाणी. वाटेत लागलेली दृष्ट, इडापिडा बाहेरच राहावी, अशी त्यामागची भावना. पण ज्या काळात माणसं अनवाणी किंवा पायताण घालून धुळीतून मैलोगणती चालत येत, त्या काळात पायावर पाणी ही आधी साधी गरज होती. कोकणात, देशावर अजूनही काही घरांत आल्या माणसाला हातपाय धुवायला पाणी आणि मग गूळ-पाणी देतात, ते याच क्रमानं.

या वेळी पाहुण्यानं एकच गोष्ट करायची: थांबायचं. उंबरठ्याला पाय लावायचा नाही, पिशवी आत सरकवायची नाही, फोन कानाला लावायचा नाही. पँट जरा वर घ्यायची आणि पाय किंचित पुढे करायचे, म्हणजे ओवाळणाऱ्या बाईला वाकून वाकून पाणी घालावं लागत नाही. चपला आधीच काढलेल्या बऱ्या. पायात मोजे असतील तर तेही काढावेत. ओल्या मोज्यांनी आत गेलेला जावई पुढचा तासभर पायांकडेच बघत बसतो. पुष्कळदा नजर फक्त जावयाकडे असते आणि लेक एका बाजूला उभी राहते. दोघं प्रवासातून आली आहेत, दोघांवरून भाकरी ओवाळायला हवी आणि दोघांच्या पायांवर पाणी पडायला हवं. माहेरी आलेली लेकही त्या क्षणी दारातली पाहुणीच असते.

यानंतर मेहुणी तबक पुढे आणते. तबकात काय असतं? हळद-कुंकवाचा करंडा, कुंकू लावलेल्या अखंड तांदळाच्या अक्षता, एक सुपारी, सोन्याची अंगठी, थोडा कापूस, निरांजन आणि तोंड गोड करायला पेढा किंवा साखर. घराघरांत एखादी वस्तू कमी-जास्त होते; कुठे कापसाऐवजी दूर्वा असतात. औक्षण घरात पाटावर बसवून करायचं असेल तर पाटाभोवती रांगोळी काढतात. दारात उभ्यानंच करायचं असेल तर रांगोळी उंबरठ्याबाहेर असते आणि पाहुण्यानं तिच्यावर पाय न देता तिच्या अलीकडे उभं राहायचं असतं.

क्रम साधारण असा. आधी कपाळाला कुंकू, त्यावर अक्षता. मग डोक्यावर थोड्या अक्षता आणि कापूस. केस कापसासारखे पांढरे होईपर्यंत जग, असा त्या कापसाचा आशीर्वाद असतो. मग अंगठी आणि सुपारी हातात धरून पाहुण्याच्या उजव्या खांद्याकडून वर नेत डाव्या खांद्याकडे, अशी तीनदा ओवाळायची. त्यानंतर निरांजनाचं तबक त्याच दिशेनं तीनदा ओवाळायचं आणि शेवटी तोंडात पेढा. हे सगळं सावकाश केलं तरी तीन-चार मिनिटांत होतं.

कुंकवाच्या वेळी अडचण येते ती दोघांच्या उंचीची. सहा फुटी जावई आणि पाच फुटी मेहुणी असली की तिचा हात त्याच्या नाकावर येतो आणि कोरडं कुंकू गालावर सांडतं. म्हणून पाहुण्यानं मान खाली घालायची, गरज पडली तर गुडघ्यात किंचित वाकायचं आणि चष्मा असेल तर आधी काढून हातात घ्यायचा. डोळे मिटले तरी चालतात, मागे मात्र सरकायचं नाही. पुरुषाच्या डोक्यावर टोपी किंवा फेटा असेल तर तो तसाच ठेवायचा. टोपी नसेल तर पुष्कळ घरांत रुमाल ठेवायला सांगतात, तो ठेवावा. बाईमाणूस असेल तर पदर किंवा ओढणी डोक्यावर घेते. लावणाऱ्यानंही बोट पाण्यात किंवा तेलात जरासं ओलं केलं की कुंकू बसतं. कोरड्या चिमटीनं ते कपाळावर टिकत नाही. जुन्या बायका कुंकवाखाली मेण लावत, ते याचसाठी.

कुंकू कोणतं वापरलंय, हेही पाहायला हवं. पारंपरिक कुंकू हळदीपासून, लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्या साहाय्यानं करतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या भडक लाल पुडीत पुष्कळदा कृत्रिम रंग असतो. असं कुंकू लावल्यावर काही वेळानं कपाळ खाजतं, लाल चट्टा उठतो, आणि कुंकू पुसल्यावरही डाग राहतो. ज्या पाहुण्याला हा त्रास ठाऊक आहे, त्यानं संकोच न करता “मला नुसत्या अक्षता लावा हं” असं आधीच सांगावं. त्यात अपमान कुणाचाच नाही.

सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते निरांजनाकडे, आणि दारात तर फारच. निरांजनात फुलवात घालतात, समईतली लांब वात नाही. फुलवातीचं टोक उभं राहतं आणि ज्योत मधोमध स्थिर राहते. ती पातळ तुपात आधीच नीट भिजवलेली हवी, टोकासकट. टोक कोरडं राहिलं तर काडी लावताच ते जळून काळं पडतं आणि ज्योत धरत नाही. थंडीच्या दिवसांत निरांजनातलं तूप थिजतं, वात ते वर ओढू शकत नाही आणि पाहुणा दारात उभा असताना ज्योत मिणमिणून विझते. त्यासाठी निरांजन पाच मिनिटं आधीच लावून तूप पातळ होऊ द्यावं. टोकाला कापराची चिमूट चोळली की वात लवकर पेटते. तुपात पाण्याचा अंश असेल तर वात तडतडते आणि ठिणगी उडते. तडतडणारं निरांजन चेहऱ्यासमोर नेऊच नये, वात बदलावी. निरांजन काठोकाठ भरलेलं असेल तर ओवाळताना पेटतं तूप सांडतं. अर्धं भरलं तरी औक्षणाला पुष्कळ होतं.

दारात वारा असतो, हॉलमध्ये पंखा असतो. पंखा बंद करायला पाहुण्यानंही सांगायला हरकत नाही. ओवाळणाऱ्या बाईचा पदर खोचलेला हवा, मोकळे केस मागे बांधलेले हवेत. सणासुदीला नेसलेल्या पुष्कळ साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात; त्या पेटल्या तर वितळून अंगाला चिकटतात. तबक पाहुण्याच्या चेहऱ्यापासून निदान हातभर लांब ठेवावं. हे सगळं घाबरवण्यासाठी नाही. ज्या घरात हे पाहिलं जातं, त्या घरातलं औक्षण शांतपणे पार पडतं, आणि ओवाळणारीच्या मनात तबक सांभाळण्याची धास्ती नसली तर तिला पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघता येतं. औक्षण झाल्यावर निरांजन फुंकत नाहीत. ते देवापुढे नेऊन ठेवतात आणि आपोआप शांत होऊ देतात.

ज्योत समोर फिरत असताना पाहुण्यानं काय करायचं? हात जोडून उभं राहायचं आणि ज्योतीकडे पाहायचं. देवाच्या आरतीनंतर आपण ज्योतीवर तळवे धरून ते डोळ्यांना लावतो. औक्षणात तसं करत नाहीत, कारण इथं ज्योत माणसासाठी ओवाळलेली असते. पुष्कळ पाहुणे सवयीनं दोन्ही हात ज्योतीकडे नेतात आणि ओवाळणारी गोंधळून तबक मागे घेते. पेढा भरवला जात असेल तर तोंड उघडायचं. हातावर दिला तर उजवा हात पुढे करायचा, डावा त्याच्याखाली. आपण मोठे असू तर ओवाळणारीला आशीर्वाद द्यायचा, लहान असू तर वाकून नमस्कार करायचा. सासूबाईंना वाकून नमस्कार केलेला जावई त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

आणि ओवाळणी. पुष्कळ नवे जावई इथंच घाबरे होतात. घरच्या औक्षणात, म्हणजे बहिणीनं, मेहुणीनं, भाचीनं ओवाळलं तर तबकात काही घालायची पद्धत आहे. रक्कम कितीही असली तरी एकावर संपणारी ठेवतात, अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. पैसे हातात देत नाहीत, तबकात निरांजनापासून दूर ठेवतात. नोट ज्योतीजवळ पडली तर पेट घेते, म्हणून नोटेवर सुपारी ठेवायची. खिशात काही नसेल तर मेहुणीला “माझ्यावर उधार” म्हणून पुढे साडी, पुस्तक, मिठाई असं काहीही देता येतं. ओवाळणी तिच्या कष्टाची किंमत नसते. तिनं आपल्यासाठी काही मागितलं, आपण तिच्यासाठी काही दिलं, एवढाच त्याचा अर्थ.

सार्वजनिक कार्यक्रमात हे जसंच्या तसं लागू होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथी-पाचवीतल्या मुली प्रमुख पाहुण्यांना ओवाळतात आणि काही पाहुणे घाईघाईनं पाकीट काढून पाचशेची नोट तबकात टाकतात. माझ्या मते हे टाळावं. मुलीला ती नोट कुणाला द्यायची ते कळत नाही, शिक्षकांनाही अवघड होतं. मुलीचं नाव विचारावं, तिच्यापुढे वाकून टिळा लावून घ्यावा, नंतर शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकं द्यावीत. ओवाळणाऱ्या मुलीपुढे वाकणारा पाहुणा सगळ्या शाळेला दिसतो.

हाराचं सार्वजनिक शिष्टाचारात वेगळं वळण आहे. हार स्वीकारताना मान पुढे झुकवायची, हार गळ्यात पडल्यावर हात जोडायचे आणि काही क्षणांतच तो काढून टेबलावर किंवा शेजारच्या माणसाच्या हाती द्यायचा. महाराष्ट्रातल्या सभांमध्ये हार गळ्यात ठेवून भाषण करणं थोडं मिरवल्यासारखं समजतात. काढलेला हार खुर्चीखाली टाकायचा नाही आणि त्यावर पायही द्यायचा नाही. बाई पाहुणी असेल तर पुरुष तिच्या गळ्यात हार घालत नाही; हार हातात देतात किंवा एखादी बाई तो घालते. आयोजकांनी हे आधी ठरवलं नाही तर व्यासपीठावर अध्यक्ष हार घेऊन पुढे आणि पाहुण्या एक पाऊल मागे, असा प्रसंग होतो. पाहुणीनं दोन्ही हात पुढे केले की प्रश्न सुटतो. गांधीजींच्या काळापासून काही संस्थांमध्ये फुलांऐवजी हातानं कातलेल्या सुताचा हार घालतात. तो सुकत नाही, त्यातलं सूत नंतर वापरात येतं, आणि तो मिळालेले पाहुणे पुष्कळदा घरी नेऊन जपतात.

वारकऱ्यांची रीत मला या सगळ्यांत मोकळी वाटते. आषाढीला आळंदी-देहूहून पालख्या निघतात, गावोगावी दिंड्या मुक्कामाला येतात. दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, वय, जात, मान यांचा विचार न करता. मग एक दुसऱ्याच्या कपाळाला बुक्का लावतो आणि दुसरा पहिल्याच्या. उराउरी भेट होते. इथं यजमान आणि पाहुणा असा भेदच उरत नाही. पालखीच्या वाटेवरच्या गावांत दारासमोर सडा-रांगोळी घालून उभ्या असलेल्या बायका वारकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, तेव्हा वारकरीही त्यांना ‘माउली’ म्हणून हात जोडतात. दोन्हीकडून वाकणं ही त्यांची मूळ समज आहे.

घराघरांतलं स्वागत मात्र फार काळ सगळ्यांसाठी नव्हतं. दारात ओवाळायला सवाष्ण लागे. ज्या बाईचा नवरा गेला, तिनं तबक हातात घेणं अशुभ मानलं जाई. मग ती त्या घरातली सगळ्यात मोठी असो की त्या जावयाची सख्खी सासू असो. लेकीचं औक्षण आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राही आणि तबक काकू नाहीतर मामी धरी. हळदीकुंकवातही तेच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा आदर्श घ्यायला सांगितलं. त्यानंतर काही गावांत अशा बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं जाऊ लागलं. दाराशी मात्र हा बदल कुणा ठरावानं होत नाही. तो त्या क्षणी उभ्या असलेल्या पाहुण्याच्या हातात असतो. तबक घेऊन काकू पुढे आल्या आणि सासूबाई मागे थांबल्या, तर जावयानं “आई, तुम्हीच ओवाळा ना मला” एवढं म्हणावं. घरात कुणी काही बोलण्याआधीच तबक त्यांच्या हातात जातं.

पाहुण्याला एखादी गोष्ट आपल्या श्रद्धेमुळे नको असते, तेव्हाही त्याला तेवढाच अधिकार आहे. परधर्मीय मित्र घरी येतो आणि कपाळी कुंकू नको म्हणतो. त्याला दारात थांबवून आग्रह करण्याऐवजी त्याच्या हातावर फूल, अत्तराचं बोट किंवा साखर द्यावी. त्यानंही नकार हात आडवा करून न देता दोन्ही हात जोडून आणि एखाद्या वाक्यात द्यावा. फूल स्वीकारून तो उंबरठा ओलांडतो, उजवा पाय आधी टाकतो की डावा, हे कुणी मोजत नाही. आत गेल्यावर पाणी, चहा, फराळ पुढे येतो, आणि दाराशी झालेली देवाणघेवाण ताटावर पुढे चालू राहते.